डी ड्राइव्हवरची हिरवी नावं

माझ्या पोरीचा आवाज घरात कुठंच नाही, हे ती गेल्यावर आमच्या ध्यानात आलं. फोटो म्हणाल तर कपाटभर. बारशाचे, गॅदरिंगचे, विद्यापीठाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींसोबत दात काढून राहिलेले. मावसबहिणीच्या लग्नाची सीडीही आहे. त्यात जुईली नाचते, कोणाला तरी ओरडून काही सांगते, पण त्या शूटिंगवाल्या पोट्ट्यानं सगळ्यावर बँडचं गाणं चढवून ठेवलेलं. तोंड हलतं, शब्द ऐकू येत नाही. ती सीडी मी किती वेळा लावली ते विचारू नका.

मेंदूज्वरानं गेली. सव्वीस वर्षांची होती, आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. त्यावर मी जास्त बोलत नाही. बोलायला बसले की डोकं फिरतं माझं, आणि मग समोरच्याचं काही खरं नसतं.

मी तारा. अमरावतीच्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे आवाज मोठा आणि स्वभाव त्याहून. आमचे हे, गोपाळकृष्ण, जिल्हा कोर्टात वकील. कोर्टात बोलतात तेवढं बोलतात, घरी मौनव्रत. जुईली गेल्यावर तेही वाढलं. फक्त एकदा, ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "तारा, ती मला 'ओ बाबा' म्हणायची ना, ते नेमकं कसं म्हणायची? माझ्या कानातून जाऊन राहिलं ते." आणि न जेवता उठले. त्या दिवशी मी ठरवलं की हिचा आवाज शोधायचा. जिथं असेल तिथून काढायचा.

आणि तो होता. तिच्याच कॉम्प्युटरमध्ये होता, ढीगभर.

जुईली पीएचडी करून राहिली होती. तिवसा, चांदूर रेल्वे, गुरुकुंज मोझरीच्या आसपासची गावं धुंडाळायची. ज्या घरातला कर्ता माणूस फवारणीचं औषध पिऊन गेला, त्या घरातल्या बायकांशी बोलायचं, हे तिचं काम. हातात बोटाएवढा रेकॉर्डर. त्या वर्षांत कॅमेरेवाले गाड्या भरभरून आमच्या भागात यायचे, बाईला दारात बसवायचे, रडवायचे आणि संध्याकाळच्या आत नागपूर गाठायचे. जुईली म्हणायची, "मला रडणं नको आहे, आई. नंतर काय झालं ते हवं आहे. दीर काय म्हणतो, सासू कुठं झोपायला लावते, रात्री दार कोण वाजवतं." मी म्हणायची, "असलं कोणी सांगतं का परक्या पोरीला?" तर म्हणायची, "सांगतात. मी कोणालाच ऐकवत नाही म्हणून सांगतात."

आणि नव्हतीच ऐकवत. कानाला हेडफोन लावून बसायची, मी खोलीत शिरले की बंद करायची. मला राग यायचा. आईपासून कसली लपवाछपवी, म्हणून मी चिडायची. तेव्हा मला त्या बायकांचं काय पडलं होतं? पोरगी उन्हातान्हात गाडी हाणत फिरते, ह्याचंच पडलं होतं.

तर तिचा कॉम्प्युटर सुरू केला की तिचं नाव यायचं आणि पासवर्ड मागायचा. आम्ही घरातली सगळी नावं, वाढदिवस, मांजरीचं नावसुद्धा घालून बघितलं. काही लागेना. शेवटी ह्यांचे एक अशील आहेत, किसनराव, त्यांचं राजकमल चौकाच्या मागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्याकडे कॉम्प्युटरचा डबा नेऊन ठेवला.

किसनराव माणूस सज्जन. मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "ताई, तुमी टेन्शन घेऊच नका. पोरीच्या फायली कोणत्या ड्राइव्हमधी हायेत?"

"डी मध्ये. ती नेहमी म्हणायची, माझं सगळं डी मध्ये असतं."

"मंग तं झालंच. सी फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो. डी ले मी बोटही लावत नाही. डाटा एकदम सेफ."

हे वाक्य आमच्या गावात कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जा, तुम्हाला ऐकू येईल. सी उडवायचं, डी राखायचं, सगळे असंच करतात. आमच्या शाळेतला कॉम्प्युटर दर वर्षी असाच दुरुस्त होऊन यायचा. मी तर त्यांना दोनदोनदा बजावलं, डी ला धक्का लावू नका बरं भाऊ. अगदी शहाणी होऊन बजावलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. हेही आले, काळा कोट तसाच अंगात. कॉम्प्युटर झर्रकन सुरू झाला, पासवर्ड नाही, काही नाही. किसनरावांनी डी उघडलं. 'मुलाखती' नावाचा फोल्डर. त्यात फायलीच फायली, तिवसा-१, तिवसा-२, चांदूर-१, अशी नावं. सगळी होती तिथं. फक्त नावांची अक्षरं हिरवी होती. मी म्हटलं, "वा, रंगसुद्धा दिला आहे पोरीनं."

किसनरावांनी एका नावावर क्लिक केलं. पाटी आली, अ‍ॅक्सेस इज डिनाइड. दुसऱ्यावर केलं, तीच पाटी. किसनराव म्हणाले, "परमिशनचं लफडं दिसते. मालकी आपल्या नावावर करून घेतो." बराच वेळ खटपट केली. मालकी त्यांच्या नावावर झाली, तशी नोंद स्क्रीनवर दिसलीसुद्धा. पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच पाटी. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

मी तिथूनच तुबाला फोन लावला. तुबा अकोल्याची, जुईलीसोबत एमएसडब्ल्यू केलेली. घरचा फोटो स्टुडिओ, त्यामुळे पोरगी कॉम्प्युटरमध्ये तरबेज. जुईलीला हे कुलपाकिल्ल्यांचं ज्ञान तिनंच दिलं होतं. मी सगळं सांगितलं. हिरवी नावं म्हटल्याबरोबर तिनं मला थांबवलं.

"काकू," ती म्हणाली, "विंडोज नवीन टाकलं का? आधीच टाकलं?"

"हो. सी फॉरमॅट केलं. डी ला हात नाही लावला."

"या अल्ला," इतकंच म्हणाली ती. मग हळूहळू सांगायला लागली, आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत राहिले.

तिचं म्हणणं असं. विंडोजमध्ये फोल्डरला सरळ पासवर्ड घालायची सोयच नाही. लोक फोल्डर लपवून ठेवतात, पण लपलेलं दाखव म्हटलं की ते कोणालाही दिसतं. सुरुवातीला जो पासवर्ड मागतो, तोही फक्त दारापुरता. डबा उघडून आतली डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं. जुईलीला हे कळल्यावर तिनं विचारलं होतं, मग माझ्या बायकांचं काय? तेव्हा तुबानं तिला एक खूण दाखवली. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं, एन्क्रिप्टची खूण करायची. मग फायली नुसत्या बंद नाही राहत, आतून गुंतवल्या जातात, नावं तेवढी दिसतात. त्याला वेगळा पासवर्ड नसतो. तिच्या नावानं आत शिरलं की आपोआप उघडतं, दुसऱ्या कोणालाच नाही.

"मग किल्ली कुठं असते?" मी विचारलं.

"तिच्या खात्यात, काकू. खातं सी मध्ये होतं."

मी पायरीवरूनच मागे वळून त्या हिरव्या नावांकडे बघितलं.

"मी तिला म्हटलं होतं, किल्लीची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठेव. ती म्हणाली, काढते. राहून गेलं. सी तसंच असतं तर तिचा पासवर्ड कधी ना कधी सापडला असता, सगळं उघडलं असतं. आता त्यावर नवीन विंडोज चढलं. फायली आहेत, पण त्या आता कोणाच्याच नाहीत."

मी उठले आणि किसनरावांना बोलले. काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही, रस्त्यावर माणसं थांबली होती. किसनराव हात जोडून उभे. म्हणाले, "ताई, मी तं तुमच्या भल्यासाठीच केलं. सगळ्याईचं असंच करतो मी." आणि ते खरंच होतं. त्यांनी डी ला बोट लावलं नव्हतं. मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं, आणि म्हणून मला जास्त राग येऊन राहिला होता.

त्यानंतर थोड्या दिवसांनी एक माणूस फाटकाशी आला. पांढरा सदरा, कपाळावर अष्टगंध, बोलणं गोड. नाव देवमन, तिवश्याकडच्या गावचा. म्हणे, "मॅडम वारल्या ते वाईट झालं. आमच्या वयनीचं काही टेप केलं होतं त्याईनं. ते आमाले पायजे."

"कशाले पाहिजे?" मी विचारलं. रागात असले की मी वऱ्हाडीवर येते.

"घरातली गोष्ट हाय. आमच्याबद्दल काय सांगतलं तिनं, मले कळाले नको?"

हे आतून आले आणि वकिली आवाजात म्हणाले, फायली उघडत नाहीत, कायमच्या गेल्या. देवमनला पटेना. मी त्याला आत बोलावून त्या हिरव्या नावांवर क्लिक करून दाखवलं. पाटी वाचून तो हसला. समाधानानं हसला, म्हणजे आता काळजी नाही असा. त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही झाली, पण मनात म्हटलं, चला, ह्याला तरी मिळालं नाही. निदान त्या बाईपुरतं ते कुलूप कामाचं ठरलं.

तुबाचा फोन दिवाळीनंतर आला. किती तरी वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "काकू, एक सांगायचं होतं. एक कॉपी माझ्याकडे आहे. आधी सांगितलं नाही, कारण तीही उघडणार नाही. पासवर्ड जुईलीनंच टाकला होता, मी तोंड फिरवून बसले होते. पण तुम्ही तिची आई आहात. तुम्हाला सुचला तर सुचला."

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पाकिटातून एसटीचे पैसे काढून टेबलावर ठेवले. सोबत येता का म्हटलं, तर म्हणाले, "तू ऐकून ये आधी. माझ्याच्यानं होणार नाही." दारापर्यंत आले आणि म्हणाले, "माझ्याबद्दल काही बोलली असेल तर लक्षात ठेव."

मूर्तिजापूरमार्गे अकोला. रस्त्यानं मी नुसते पासवर्ड आठवत होते. लहानपणी ती स्वतःला काय म्हणायची, शाळेतल्या पहिल्या बाईंचं नाव, आजोळचं गाव.

तुबाचं घर ताजनापेठेत, खाली स्टुडिओ, वर राहणं. तुबानं मला पाहिल्याबरोबर मिठी मारली आणि दोघीही जिन्यात उभ्या राहून रडलो. मग ती मला वर मॅकपाशी घेऊन गेली. लग्नाचे अल्बम बनवायला तिच्या भावानं, इमादनं, घेतलेला. आम्ही गेलो तेव्हा इमाद त्याच्यावर कोणाच्या तरी वलीम्याच्या जेवणाचे फोटो लावत होता, बाजूला दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यानं मला सलाम केला, काम आवरलं आणि मशीन आम्हाला देऊन गिऱ्हाइकांसोबत खाली गेला.

"मॅकमध्येसुद्धा फोल्डरला सरळ पासवर्ड नाही घालता येत," तुबा सांगू लागली. "पण त्यातच डिस्क युटिलिटी म्हणून एक असतं. ते फोल्डरची एक पेटी बनवून देतं, डिस्क इमेज. पेटीला स्वतःचा पासवर्ड. पेटी पक्की असते काकू, पासवर्ड विसरला तर बनवणारी कंपनीही उघडून देऊ शकत नाही. जुईली ईदला आली होती तेव्हा पेनड्राइव्हवर सगळं घेऊन आली. तिच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घेतलं की तिथलं कुलूप निघून जातं, म्हणून घाबरत होती. इथं पेटी बनवली, मोकळा फोल्डर उडवला, कचराही रिकामा केला, पेनड्राइव्ह पुसला. मग शिरखुर्मा खाल्ला."

"तू कधी उघडून बघितली?"

"नाही काकू. तिला शब्द दिला होता, त्या पेटीला हात लावणार नाही म्हणून."

तिनं पेटी दाखवली. मी चष्मा लावला. म्हटलं, कर क्लिक, मी सांगते एकेक नाव. तुबानं क्लिक केलं.

पासवर्ड मागितलाच नाही. पेटी उघडली. आत तिवसा-१, तिवसा-२, चांदूर-१. हिरवी नाहीत, साधी काळी.

मला वाटलं देवानं ऐकलं. तुबाकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

"खूण राहिली," ती म्हणाली. "पासवर्ड टाकतात तिथं खाली एक चौकोन असतो, पासवर्ड लक्षात ठेव म्हणून. त्यात खूण आधीच केलेली असते. ती काढायची होती. आम्ही काढली नाही. मॅकनं पासवर्ड स्वतःजवळ ठेवला काकू, आणि जो कोणी आमच्या नावानं बसेल त्याला उघडून देत होता. आमचं मशीन तर सुरूच असतं. इमाद बसतो, कामाला पोरं बसतात, गिऱ्हाइकं बसतात. मी कधी हात लावला नाही, म्हणून मला कळलंच नाही."

मी ते ऐकलं, पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, "लाव."

तिवसा-४ लावलं. आधी कोंबड्यांचा आवाज. भांडं ठेवल्याचा आवाज. मग एक बाई म्हणाली, "सुरू हाय का हे?"

"हो, सुरू आहे. तुम्ही बसा न निवांत."

माझी पोरगी. बोलता बोलता नाकात थोडं बोलायची, सर्दी झाल्यासारखं, ते मी विसरूनच गेले होते. तुबानं माझा हात धरला.

"मंग आधी एक सांगा ताई," बाई म्हणाली. "हे कोण आयकन? आमच्या देवमनच्या कानी गेलं तं तो मले घरात राहू देनार नाही. पोरं घिऊन मी कुठी जाऊ?"

"कोणी नाही ऐकणार, सुंदराबाई. कुलपात असतं हे."

"तुमच्या घरी?"

"माझ्या आईलासुद्धा नाही ऐकू देत मी." हसली. "आणि माझी आई लय भांडते त्याच्यावरून. तरी नाही."

"खरं सांगून राहिल्या न?"

"अगदी खरं."

बाईनं श्वास घेतला. "तं आयका. आमच्या घरचे गेले, त्याच्या तेराव्याच्या रातीले..."

"बंद कर," मी म्हटलं.

तुबानं बंद केलं. खालून गिऱ्हाइकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. रडले, खूप रडले. तिच्यावर चिडलेसुद्धा. म्हटलं, कार्टे, तेवढंच वाक्य होतं का तुझ्याजवळ माझ्यासाठी?

तुबा म्हणाली, "काकू, मी तेवढंच कापून देते. फक्त जुईलीचा आवाज. बाकीचं कोणी ऐकणार नाही."

"कापायला कोणाला तरी सगळं ऐकावं लागेल."

"मग हे एकच वाक्य."

"आईनं ऐकायचं नाही असं म्हणून राहिली ती त्यात. ते कापून घेऊन मी रोज ऐकत बसू?" माझा आवाज चढला. मग मी हळू आवाजात विचारलं, "हा मॅक पासवर्ड विसरू शकतो का?"

"कीचेन म्हणून मॅकची पासवर्डांची वही असते, तिच्यातून ती नोंद काढली की विसरला. पण काकू, मग कोणालाच माहीत नसेल. मला नाही, तुम्हाला नाही. काढायच्या आधी बघता येईल, मी माझा पासवर्ड टाकला की तिचा दिसेल. लिहून ठेवा तुमच्याजवळ. कधी वाटलं तर..."

मला माहीत होतं, लिहून ठेवला तर मी उघडणार. घरी पोचायच्या आत उघडायची वाट शोधणार. मग सुंदराबाईच्या तेराव्याच्या रात्रीपासून चांदूरच्या शेवटच्या बाईपर्यंत सगळं ऐकणार, मध्ये मध्ये जुईलीचं एखादं 'हं' यावं म्हणून. आणि फाटकाशी पुन्हा देवमन येणार, तेव्हा माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. मी काही गोष्टी पोटात ठेवणारी बाई नाही, हे माझ्या पोरीला पक्कं माहीत होतं.

"बघायचा नाही," मी म्हटलं. "काढ."

"या मशीनचा बॅकअप आम्ही घेत नाही काकू. एकदा गेलं की गेलं."

"काढ म्हटलं ना."

तिनं पेटी बंद केली. यादीतून ती नोंद शोधली, खरंच काढू का असं मशीननं विचारलं, तिनं हो म्हटलं. मग खात्री करायला पुन्हा पेटीवर क्लिक केलं. ह्या वेळी चौकट आली, रिकामी, पासवर्ड मागत उभी. तुबानं लक्षात ठेवायची खूण होती ती काढून टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं चौकट मिटवली.

घरी पोचले तेव्हा हे व्हरांड्यात बसले होते. दिवा लावला नव्हता. मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले.

"उघडलं?"

"उघडलं."

"होती?"

"होती. चांगला स्वच्छ आवाज होता."

ह्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. विचारलं, "काय म्हणाली?"

"माझं नाव घेतलं," मी म्हटलं. "आई लय भांडते म्हणाली."

ते हसले. जुईली गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मग पुढे झुकून, अगदी लहान पोरासारखं विचारलं, "आणि माझं?"

"तिथपर्यंत मी ऐकलं नाही हो," मी म्हटलं.